दुकानातल्या क्यूआरचे पैसे खात्यावर कसे येतात आणि पेमेंट पेंडिंग पडलं तर काय करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातले दुकानदार जे प्रश्न हमखास विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. दुकान कर्नाटकात आणि निम्मं गिऱ्हाईक चंदगड, गडहिंग्लज, कागलचं, अशी आपल्याकडची रीत आहे, म्हणून बँका आणि सुट्ट्यांबद्दलच्या शंकाही त्यात आल्या आहेत.

### गिऱ्हाइकानं क्यूआर स्कॅन केला की पैसे नेमके कुठून कुठे जातात?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. काउंटरवर चिकटवलेल्या त्या चौकोनात पैसे घेण्याची काही यंत्रणा नसते. त्यात फक्त तुमचा पत्ता असतो. साध्या स्टिकरमधला मजकूर उलगडला तर असा काहीतरी निघतो:

```
upi://pay?pa=saridukan@bank&pn=Sari%20Dukan&cu=INR
```

`pa` म्हणजे पैसे ज्या यूपीआय पत्त्यावर जायचे तो पत्ता, `pn` म्हणजे दुकानाचं नाव. रक्कम त्यात नाही, ती गिऱ्हाईक स्वतः टाकतं. मोठ्या दुकानांत मशीनच्या पडद्यावर दर बिलाला नवा क्यूआर उमटतो. त्यात रक्कम आणि बिलाचा क्रमांकही भरलेला असतो, एवढाच फरक.

गिऱ्हाइकानं पिन टाकला की त्याचं अ‍ॅप ती विनंती आपल्या भागीदार बँकेमार्फत एनपीसीआयकडे पाठवतं. सगळं यूपीआय चालवणारी संस्था ती हीच. एनपीसीआय आधी तुमचा पत्ता कुठल्या खात्याचा आहे हे विचारून घेते. मग गिऱ्हाइकाच्या बँकेला सांगते, ‘एवढे पैसे वजा कर.’ तिकडून ‘केले’ असं उत्तर आलं की तुमच्या बाजूच्या बँकेला सांगते, ‘एवढे जमा कर.’ तिनंही ‘केले’ म्हटलं की दोन्हीकडे ‘यशस्वी’ असा निरोप जातो. आधी वजा, मग जमा, हा क्रम डोक्यात पक्का ठेवा. पेंडिंगचा सगळा गुंता या दोन पायऱ्यांच्या मधे होतो.

खऱ्या नोटा यात कुठेच हलत नाहीत. बँका आपापसांतला हिशोब रिझर्व्ह बँकेतल्या खात्यांवरून दिवसातून अनेक फेऱ्यांत चुकता करतात. तुमच्या खात्यावरची जमा त्या फेरीसाठी थांबत नाही, म्हणून त्याची काळजी तुम्ही करायची नाही.

### एवढं सगळं काही सेकंदांत होतं, तर माझ्या पासबुकात लगेच का दिसत नाही?

कारण तुमचा क्यूआर कदाचित तुमच्या बँक खात्याचा नाहीच.

दुकानांत दोन जातीचे क्यूआर असतात. पहिला थेट खात्याचा: तुमच्या बँकेनं दिलेला, किंवा तुम्ही स्वतःच्या फोनमधल्या अ‍ॅपमधून काढलेला. यात प्रत्येक पेमेंट तिथल्या तिथे खात्यावर पडतं. चाळीस गिऱ्हाइकं आली तर पासबुकात चाळीस ओळी.

दुसरा पेमेंट कंपनीचा: तो मुलगा दुकानात येऊन आधार-पॅन बघून, फोटो काढून, बोलणारा डबा देऊन जातो ना, तो. यात गिऱ्हाइकाचे पैसे आधी कंपनीच्या व्यवस्थेतल्या खात्यात जमा होतात. ‘यशस्वी’ म्हणून डबा जे ओरडतो ते याच टप्प्यावर. तिथून पुढे कंपनी तुमचे दिवसभराचे पैसे एकत्र करून तुमच्या खात्यावर टाकते. याला सेटलमेंट म्हणतात. बहुतेक ठिकाणी ते दुसऱ्या दिवशी होतं, आणि काही योजनांत हवं तेव्हा लगेच मागता येतं.

त्यामुळे ‘पेंडिंग’ हा शब्द आपल्याकडे दोन वेगळ्या दुखण्यांसाठी वापरला जातो. एक, गिऱ्हाइकाचं पेमेंटच मधे अडकलं आहे. दोन, पेमेंट झालं आहे पण कंपनीकडून तुमच्या खात्यावर सेटलमेंट आलेलं नाही. पहिल्यात गिऱ्हाइकानं त्याच्या अ‍ॅपकडे किंवा बँकेकडे जायचं, दुसऱ्यात तुम्ही कंपनीकडे. हे न ओळखता बँकेच्या शाखेत रांग लावणारे पुष्कळ आहेत. शाखेतला साहेब तरी काय करणार, त्याच्या संगणकावर ते पैसे आलेलेच नसतात.

### माझा क्यूआर कुठल्या जातीचा, हे कसं ओळखू?

घरातल्या दुसऱ्या फोनवरून एक रुपया पाठवा आणि बँकेचं खातं बघा. एक रुपया वेगळा दिसला तर थेट खात्याचा. नुसता डबा बोलला आणि खात्यात काही नाही, दुसऱ्या दिवशी ठोक रकमेत आला, तर कंपनीचा.

हाच प्रयोग अधूनमधून सकाळी दुकान उघडल्यावर करावा. तुमच्या स्टिकरवर कोणी स्वतःचा स्टिकर चिकटवला असेल तर तेव्हाच कळतं. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर येणारं नाव वाचायचं, ते तुमचं किंवा दुकानाचंच असलं पाहिजे.

### कंपनीच्या अ‍ॅपमध्ये १२,४६० रुपये दिसतात, खात्यावर ११,७०० आले. बाकीचे पेंडिंग आहेत का?

बहुधा नाही. अ‍ॅपमधला सेटलमेंटचा तपशील उघडा, एकूण रकमेच्या खाली वजावट लिहिलेली असते. समजा आदल्या दिवशी ३५० रुपयांचा एक रिफंड तुम्ही दिला होता, आणि कंपनीमार्फत घेतलेल्या कर्जाचा रोजचा हप्ता ४१० रुपये आहे. १२,४६० मधून दोन्ही गेले की ११,७०० उरतात. डब्याचं भाडंही महिन्यातून एकदा असंच परस्पर कापलं जातं. कर्ज घेताना रोजच्या हप्त्याला आपण होकार दिलेला असतो आणि मग दुकानदारच विचारतो, पैसे गेले कुठे!

साध्या बँक खात्यातून यूपीआयनं आलेल्या पैशावर दुकानदाराला शुल्क नाही. जानेवारी २०२० पासून तसा नियम आहे. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून किंवा वॉलेटमधून कोणी पैसे दिले तर काही रकमांवर शुल्क लागू शकतं. तपशिलात ती ओळ वेगळी दिसते.

आणखी एक घोळ होतो. सेटलमेंटची रक्कम वेगळ्या क्रमांकानं येते. गिऱ्हाइकाच्या फोनवरचा बारा अंकी क्रमांक तुमच्या पासबुकात शोधत बसलात तर तो सापडणार नाही. तो कंपनीच्या अ‍ॅपमधल्या व्यवहारांच्या यादीत शोधायचा.

### गिऱ्हाइकाच्या फोनवर ‘पेंडिंग’ किंवा ‘प्रोसेसिंग’ येतं तेव्हा आत नेमकं काय झालेलं असतं?

कुणीतरी उत्तर दिलेलं नसतं. ‘नाही’ असं उत्तर आलं असतं तर सरळ ‘अयशस्वी’ दिसलं असतं. पिन चुकला, शिल्लक नाही, ही ‘नाही’ची उत्तरं. पेंडिंग म्हणजे प्रश्न गेला, वेळ संपली आणि तिकडून काहीच आलं नाही.

कुणी उत्तर दिलं नाही त्यावर पुढचं सगळं ठरतं. गिऱ्हाइकाच्या बँकेनं दिलं नसेल, म्हणजे वजा झाले की नाही हेच ठाऊक नसेल, तर जमा करण्याचा निरोप तुमच्या बाजूला जातच नाही. व्यवहार पुढे अयशस्वी होतो आणि पैसे वजा झाले असले तर गिऱ्हाइकाला परत मिळतात. असे पैसे तुमच्याकडे येण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

वजा झाले, पण जमा करणाऱ्या बँकेकडून उत्तर आलं नाही, तर प्रकरण लांबतं. अशा व्यवहाराला बँकवाले ‘डीम्ड’ म्हणतात. जमा झाले असं तूर्त मानायचं आणि त्या बँकेनं आपला हिशोब तपासून खरं काय ते कळवायचं.

### मग सरळ गिऱ्हाइकाचे पैसे परत का करत नाहीत? वाद मिटेल की.

नाही मिटणार. तुमच्या बँकेनं पैसे जमा केले असतील आणि फक्त ‘केले’ हा निरोप वाटेत हरवला असेल, तर? गिऱ्हाइकाला परत दिले की पैसे दोन्हीकडे झाले. म्हणून जमा करणारी बँक आपल्या नोंदी मिळवून बघेपर्यंत कुणी हलत नाही. बघून झाल्यावर ती दोनपैकी एक करते: जमा झाल्याची किंवा आता जमा केल्याची खात्री पाठवते, नाहीतर पैसे गिऱ्हाइकाच्या बँकेकडे परत पाठवते.

गिऱ्हाईक दर मिनिटाला अ‍ॅप उघडून बघतं, त्यानं काही पुढे सरकत नाही. अ‍ॅपनं एनपीसीआयला एका व्यवहाराची स्थिती किती वेळा विचारायची यावर २०२५ मध्ये मर्यादा आली: दोन तासांत जास्तीत जास्त तीनदा.

### एखादं उदाहरण तारखेनिशी सांगाल का?

समजा शहापुरातलं साडीचं दुकान. शुक्रवार, ३१ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळी सातचा सुमार. चंदगडची एक बाई २,३५० रुपयांची साडी घेते. क्यूआर दुकानदाराच्या बँकेनं दिलेला, थेट खात्याचा. ती पिन टाकते, पडदा फिरत राहतो आणि ‘पेंडिंग’ येतं. मिनिटभरात तिच्या बँकेचा एसएमएस येतो: २,३५० वजा. इकडे दुकानदाराचा फोन गप्प.

“आण्णा, गेलेत की ओ पैसे माझे, मेसेज आलाय बघा.”

“गेलेत ते खरं अक्का, पण इकडं पोचले नाहीत अजून.”

दोघंही खरं बोलत आहेत. वजा झाले, याचा अर्थ पहिली पायरी पार पडली आहे. अडकलं आहे ते दुकानदाराच्या बँकेच्या उत्तराशी, किंवा व्यवहार उलटून पैसे परत निघाले आहेत. काउंटरवर उभं राहून या दोन्हींतला फरक कळत नाही. दुकानदार तिच्या फोनवरचा बारा अंकी क्रमांक वहीत उतरवून घेतो, सोबत रक्कम, वेळ आणि तिचा मोबाईल नंबर. बाई रोख पैसे देते. दुकानदार बिलाच्या मागे लिहून देतो, ‘रोख मिळाले, यूपीआयचे २,३५० आल्यास परत देणे,’ आणि खाली सही करतो.

शनिवारी १ नोव्हेंबर, राज्योत्सवाची सुट्टी. रविवारी शाखा बंद. तरीही बँकेचं हिशोब मिळवण्याचं काम चालूच असतं. इथून पुढे दोनच शेवट संभवतात. एक, शनिवारी दुकानदाराच्या खात्यावर तोच क्रमांक लागून २,३५० जमा होतात, तो ते बाईंना परत पाठवतो. दोन, बाईंच्या खात्यावर पैसे परत येतात आणि दुकानदारानं काहीच करायचं उरत नाही. कुठला शेवट झाला ते खात्याच्या उताऱ्यातच बघायचं. बाईंच्या फोनवर विसंबायचं नाही आणि आपल्या आठवणीवर तर मुळीच नाही.

### परत मिळायला जास्तीत जास्त किती दिवस?

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे, त्याच वर्षी १५ ऑक्टोबरपासून लागू. माणसानं माणसाला पाठवलेले पैसे वजा झाले आणि समोरच्या खात्यात जमा करता आले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत गेले पाहिजेत. दुकानाच्या पेमेंटमध्ये, पैसे वजा पण दुकानदाराकडे खात्री पोचली नाही, तर पाच दिवसांत. त्यापुढे उशिराच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई गिऱ्हाइकाला, तीही त्यानं तक्रार करण्याची वाट न बघता. भरपाई गिऱ्हाइकाची आहे, दुकानदाराची नाही.

वरच्या उदाहरणात पाच दिवस म्हणजे ५ नोव्हेंबर. यातले दिवस कॅलेंडरचे मोजायचे, बँकेच्या कामाचे नव्हेत. परिपत्रकातच तसं म्हटलं आहे. त्यामुळे “मधे राज्योत्सव आला, रविवार आला” हे उत्तर कुणी दिलं तर ते चालत नाही.

### गिऱ्हाइकाची बँक महाराष्ट्रातली, माझी कर्नाटकातली. त्यामुळे उशीर होतो का?

नाही. यूपीआयला कोगनोळी नाका दिसत नाही आणि शिनोळीची हद्दही. राज्य कुठलं यानं वाट बदलत नाही. फरक पडतो तो दोन्हीकडच्या बँकांच्या सर्व्हरच्या तब्येतीनं. एखाद्या सहकारी बँकेची यंत्रणा सणाच्या संध्याकाळी दमते, आणि तेव्हा तिच्या प्रत्येक खातेदाराला पेंडिंग पडतं, मग तो कोल्हापुरात उभा असो की गणपत गल्लीत. एकाच बँकेची दोन-तीन गिऱ्हाइकं लागोपाठ अडकली तर समजून घ्या, आणि चौथ्याला आधीच सांगा की दुसरं खातं असेल तर त्यातून द्या.

सुट्ट्या मात्र दोन राज्यांत वेगळ्या असतात. पैसे सुट्टीलाही येतात, तक्रार बघणारा माणूस येत नाही, एवढंच.

### गर्दी आहे, गिऱ्हाईक घाईत आहे, पेंडिंग आलंय. त्या मिनिटाला मी काय करू?

दोन-तीन मिनिटं थांबा. पुष्कळशी पेमेंट एवढ्यात सुटतात. तोवर आपल्या बाजूला बघा: दुकानाच्या अ‍ॅपमधली यादी, किंवा बँकेचं अ‍ॅप. एसएमएसवर भिस्त ठेवू नका, कारण काही बँका छोट्या जमेचा एसएमएस पाठवतच नाहीत.

नाही आलं तर त्याच खात्यातून पुन्हा पाठवायला सांगू नका. बँक तीच असल्यानं दुसरंही तसंच अडकतं आणि गिऱ्हाइकाची दुप्पट रक्कम गुंतते. रोख घ्या, किंवा दुसऱ्या बँकेच्या खात्यातून घ्या. दोन्ही नसेल तर माल ठेवून घ्यायचा की उधारीवर द्यायचा, हा तुमचा आणि त्या माणसाचा प्रश्न. ओळखीच्या गिऱ्हाइकाला मी म्हणेन जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी बघू. अनोळखी माणसाला पेंडिंगवर मोबाईल किंवा चांदी देऊ नये, मग तो कितीही चिडो.

बारा अंकी क्रमांक मात्र लिहून घ्याच. अ‍ॅपमध्ये तो यूपीआय व्यवहार क्रमांक किंवा यूटीआर म्हणून दिसतो. अ‍ॅपचा स्वतःचा एक लांबलचक अक्षरं-आकडे मिसळलेला क्रमांकही असतो, तो बँकेला उपयोगाचा नाही. बारा अंकी क्रमांकातून सहसा तारीखही वाचता येते: पहिला अंक वर्षाचा शेवटचा, पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ३१ ऑक्टोबर २०२५ हा वर्षातला ३०४ वा दिवस, म्हणून त्या दिवशीचे क्रमांक ५३०४ नं सुरू होताना दिसतील. कोणी जुना स्क्रीनशॉट दाखवत असेल तर इथे शंका घ्यायला जागा मिळते. पण आकडा जुळला म्हणून पैसे आले, असं मात्र नव्हे.

### स्क्रीनशॉटवर हिरवी खूण आहे. ती पुरावा धरायची का?

नाही. हुबेहूब तसा पडदा दाखवणारी खोटी अ‍ॅप फिरत आहेत. पैसे आले हे फक्त आपल्या बाजूच्या नोंदीवरून ठरवायचं.

### डबा बोलला नाही, पण पैसे आलेले निघाले. असं का?

डब्यात सिमकार्ड असतं. पैसे आल्यावर कंपनीचा सर्व्हर त्याला मोबाईल नेटवर्कवरून निरोप पाठवतो आणि मग तो कन्नड, मराठी, जी भाषा लावली असेल त्यात बोलतो. जांबोटीकडच्या दुकानात रेंज एका खिडकीपाशीच येते आणि डबा ठेवलेला असतो आतल्या फळीवर. मग तो उशिरा बोलतो, कधी चार पेमेंटं एकदम वाचून दाखवतो. गर्दीत ‘दोनशे वीस’ तीनदा ऐकू आलं तर कुणाचे कुठले याचा गोंधळ होतोच. पेमेंट आणि डब्याचा आवाज या दोन वेगळ्या वाटा आहेत. डबा गप्प राहिला म्हणजे पैसे आले नाहीत असं होत नाही, अ‍ॅप बघा. डब्याची रेंज आणि बॅटरी रोज सकाळी तपासली की निम्म्या कटकटी कमी होतात.

### आधी रोख घेतले, दुसऱ्या दिवशी यूपीआयचेही आले. परत कसे द्यायचे?

कंपनीच्या अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावरच रिफंड असा पर्याय असतो. तो वापरला की पैसे ज्या खात्यातून आले तिथेच जातात. थेट खात्याचा क्यूआर असेल तर ज्या यूपीआय पत्त्यावरून पैसे आले त्याच पत्त्यावर पाठवा.

फोन करून कोणी म्हणालं, “चुकून दोनदा गेले, या दुसऱ्या नंबरवर टाका,” तर टाकू नका. आधी उताऱ्यात दोन जमा दिसतात का ते बघा. दिसल्या तरी परत पाठवायचे ते मूळ वाटेनंच. चोरीचे पैसे तुमच्या खात्यात टाकून स्वच्छ पैसे दुसरीकडे वळवून घेण्याचा हा धंदा आहे. नंतर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमच्या खात्यावरच तेवढी रक्कम रोखून ठेवते.

### सगळी पेमेंटं यशस्वी आहेत, पण सेटलमेंटच आलेलं नाही. कारण काय असू शकतं?

बहुतेक वेळा खात्याचा तपशील. केवायसी संपलेलं, खातं बरेच दिवस न वापरल्यानं निष्क्रिय झालेलं, किंवा बँकेच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी बदलून कंपनीकडे जुनाच राहिलेला. १ मे २०२५ रोजी कर्नाटकातल्या दोन ग्रामीण बँका एक होऊन कर्नाटक ग्रामीण बँक झाली. अशा बदलानंतर आपल्या खात्याचा तपशील कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बरोबर आहे ना, हे एकदा बघून घ्यावं. खात्याचं नाव आणि दुकानाच्या नोंदीतलं नाव जुळत नसलं तरी पैसे अडतात.

अ‍ॅपमध्ये ‘सेटल झाले’ असं दिसत असेल तर तिथला यूटीआर घेऊन बँकेत जा. ‘पेंडिंग’ दिसत असेल तर बँकेत जाऊन काही उपयोग नाही, कंपनीच्या मदत विभागात तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तपशील दुरुस्त झाला की राहिलेले पैसे मागोमाग येतात, ते बुडत नाहीत.

### तक्रार कुठे, कोणत्या क्रमानं आणि कुठल्या भाषेत?

पेमेंट अडकलं असेल तर तक्रार गिऱ्हाइकानं करायची, कारण पैसे त्याच्या खात्यातून गेले आहेत. सुरुवात अ‍ॅपपासून: त्या व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवायची. तिथं काम झालं नाही तर आपली बँक. मग एनपीसीआयच्या संकेतस्थळावर यूपीआयच्या तक्रारीचा अर्ज आहे, आणि १८००-१२०-१७४० हा त्यांचा मोफत क्रमांक.

बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. अर्ज cms.rbi.org.in वर करता येतो. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते, आणि तिथे कन्नडसोबत मराठीतही बोलता येतं. शाखेत मराठी अर्ज घेतात की नाही यावर आपल्याकडे दिवसभर वाद घालता येतो. पैसे अडकलेले असताना तो वाद मागे ठेवा, बारा अंकी क्रमांक, तारीख आणि रक्कम या तीन गोष्टी कुठल्याही भाषेत सारख्याच वाचल्या जातात.

फसवणूक झाली असेल तर यातलं काही करत बसू नका. ताबडतोब १९३० ला फोन. तिथे तास मोजले जातात, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखायचे असतात.

### क्यूआरवरची सगळी रक्कम म्हणजे माझी विक्री, असं जीएसटीवाले धरतील का?

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून नोटिसा गेल्या, तेव्हापासून हा प्रश्न येतो. मालाच्या विक्रीला वर्षाला ४० लाख आणि सेवेला २० लाख ही नोंदणीची मर्यादा आहे. त्यामुळे परत केलेली पेमेंटं, दोनदा आलेली, घरातल्यांनी पाठवलेली रक्कम हे सगळं वेगळं दाखवता आलं पाहिजे. घरगुती देवाणघेवाण दुकानाच्या क्यूआरवर करू नका, आणि दर महिन्याचा सेटलमेंटचा तपशील उतरवून ठेवा. बाकीचं तुमच्या कर सल्लागाराशी बोला.